ओ पॉझिटिव्ह म्हणून आयुष्य काढलं आणि आता ओच्या सगळ्या पिशव्या अनकम्पॅटिबल, हे कसं?

प्रश्न: माझ्या बहिणीचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलंय. शाळेपासून तिचा ग्रुप ओ पॉझिटिव्ह. आता ब्लड बँकवाले म्हणतात ओ पॉझिटिव्हच्या चारही पिशव्या मॅच होत नाहीत, कदाचित "मायनर ग्रुप"चा प्रॉब्लेम असेल नाहीतर बॉम्बे ग्रुप असेल. दोन्हींत फरक काय, ओळखायचं कसं आणि रक्त मिळेल का?

उत्तर: मी बरीच वर्षं ब्लड बँकेत क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटचं सीरम आणि पिशवीतल्या पेशी एकत्र करून जुळतात का ते बघतेय, आणि "सगळ्याच पिशव्या अनकम्पॅटिबल" हा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते, की सगळ्या म्हणजे किती, आणि कुठल्या स्टेजला? सगळं उत्तर तिथूनच सुटत जातं, म्हणून तिथूनच सांगते.

ए, बी, ओ आणि आरएच याच्या पलीकडे लाल पेशीवर अजून कितीतरी खुणा असतात. केल, डफी, किड, एमएनएस, लुईस अशा चाळीसच्या वर सिस्टिम मोजलेल्या आहेत. यातल्या बहुतेकांविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या अंगात जन्मापासून नसतात. आधी कधी रक्त चढवलं असेल किंवा बाळंतपण झालं असेल तर परक्या खुणेशी ओळख होते आणि मग अँटिबॉडी तयार होते. पण अशी अँटिबॉडी सगळ्या पिशव्यांना आडवी जात नाही, ज्या पिशवीत ती खूण असेल तिलाच जाते. समजा बाईला किड-ए विरुद्ध अँटिबॉडी आहे, तर ही खूण बऱ्याच लोकांत असते म्हणून चार-पाच पिशव्या तपासल्यावर एखादी जुळते, त्रास होतो पण जुळते. केलविरुद्ध असेल तर उलट, आपल्याकडे केल पॉझिटिव्ह माणसं इतकी कमी आहेत की पहिलीच पिशवी जुळायची शक्यता जास्त. म्हणजे "काही जुळतात, काही नाही" असं चित्र असेल तर मायनर ग्रुप. चारच पिशव्या बघून थांबले असतील तर किडची शक्यताही पूर्ण जात नाही, म्हणून मी आधी आकडा विचारते. पण दहा-बारा ओच्या पिशव्या लावल्या, एकही नाही, आणि माहितीच्या तीन ओ पेशींवरचं अँटिबॉडी स्क्रीनिंगही तिन्हीत कडक पॉझिटिव्ह, तर डोक्यात दुसरी गोष्ट यायला हवी.

ती दुसरी गोष्ट म्हणजे बॉम्बे ग्रुप. हे नाव उगाच नाही पडलं. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा लॅन्सेटमध्ये मांडलं, म्हणून जगभरच्या पुस्तकात आजही बॉम्बे फेनोटाइप असंच लिहितात. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असं म्हणतात, युरोपात दहा लाखांत एक. थोडक्यात हा आपल्या इकडचा प्रश्न आहे, पुस्तकातला नाही.

आता नेमकं होतं काय ते बघा. लाल पेशीवर साखरेच्या साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला एक एन्झाइम फ्युकोज नावाची साखर लावतं, ती लागली की तिला एच अँटिजेन म्हणायचं. ही एच म्हणजे भिंतीतली खुंटी समजा. ए ग्रुपवाल्याकडे त्या खुंटीवर एक साखर अडकते, बी ग्रुपवाल्याकडे दुसरी अडकते, आणि ओ ग्रुपवाल्याकडे काहीच अडकत नाही, खुंटी रिकामी राहते. म्हणून ओ ग्रुपच्या पेशीवर एच सगळ्यात जास्त उघडा असतो. बॉम्बे ग्रुपच्या माणसाकडे खुंटी बसवणारं एन्झाइमच काम करत नाही. खुंटीच नाही तर ए काय आणि बी काय, अडकवणार कुठे? जीनमध्ये ए किंवा बी असला तरी पेशीवर दिसत नाही. आणि ज्याच्याकडे एच नाही त्याच्या सीरममध्ये एच विरुद्ध अँटिबॉडी आपोआप असते, अगदी ओवाल्याकडे अँटी-ए, अँटी-बी असते तशीच. ती मुख्यतः आयजीएम जातीची, अंगाच्या गरमीला म्हणजे ३७ डिग्रीलाही काम करते आणि रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीनं ओढून पेशी सरळ फोडते.

यात सगळ्यात धोक्याची गोष्ट अशी, की अपघातात घाईघाईनं "ओ निगेटिव्ह द्या, ते सगळ्यांना चालतं" असं आपण म्हणतो, आणि बॉम्बेवाल्याला तेच सगळ्यात वाईट, कारण एच सगळ्यात जास्त ओच्या पेशीवर, मग तो पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह. आरएचचा यात संबंधच नाही. बॉम्बे पॉझिटिव्हही असतो, बॉम्बे निगेटिव्हही असतो.

मग शाळेत ओ पॉझिटिव्ह कसं आलं? कारण शाळेत, शिबिरात, लहान लॅबमध्ये काचपट्टीवर थेंब टाकून फक्त पेशी बघतात. अँटी-ए टाकलं, गाठ नाही. अँटी-बी टाकलं, गाठ नाही. लिहा ओ. यंत्र चुकलं नाही, माणूस चुकला नाही, पण अर्धीच तपासणी झाली. उरलेली अर्धी म्हणजे रिव्हर्स ग्रुपिंग, पेशंटच्या सीरममध्ये आपल्या माहितीच्या ए पेशी, बी पेशी आणि ओ पेशी टाकून बघणं. खऱ्या ओवाल्याचं सीरम ए आणि बी पेशींना धरतं, ओ पेशींना सोडतं. बॉम्बेवाल्याचं सीरम तिन्हींना धरतं, आणि ओ पेशींचीही घट्ट एक गाठ होते. ही ओ पेशींची ट्यूब बरेच जण लावतच नाहीत, ए आणि बी दोन्ही आल्या की बस्स. माझं स्पष्ट मत आहे, की हीच एक ट्यूब वाचवायला जाऊ नये.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. एक्केचाळीस वर्षांची बाई, तालुक्याच्या गावाहून, फायब्रॉइडमुळे महिनोन् महिने ब्लीडिंग, हिमोग्लोबिन ६.८. तिथल्या ब्लड बँकेनं चार ओ पॉझिटिव्ह पिशव्या लावल्या, चारही अनकम्पॅटिबल, मग सॅम्पल आमच्याकडे आलं. आम्ही पेशी बघितल्या, अँटी-ए शून्य, अँटी-बी शून्य, आरएच बघणारं अँटी-डी ४+, म्हणजे सगळ्यात घट्ट गाठ. रिव्हर्सला ए पेशी ४+, बी पेशी ४+, ओ पेशी ४+. ट्यूब हलवली तर गाठ एका तुकड्यात फिरत होती. पुढे ३७ डिग्रीला तीस मिनिटं ठेवून पुन्हा बघितली तर वरचं पाणीच गुलाबी झालेलं. ते गुलाबी पाणी बघितलं की हातातलं काम तिथेच ठेवायचं. याचा अर्थ अँटिबॉडी ट्यूबमध्येच पेशी फोडतेय. तेच अंगात झालं तर रक्त चढवायला सुरुवात होताच थंडी वाजते, कंबर दुखते, लघवी लाल होते, बीपी पडतं.

पण एवढ्यावर बॉम्बे लिहायचं नाही. ओ पेशी धरणारी अजून दोन-चार कारणं आहेत आणि ती एकेक करून काढावी लागतात. पहिलं, ऑटो कंट्रोल, म्हणजे तिचंच सीरम आणि तिच्याच पेशी. ते पॉझिटिव्ह आलं असतं तर कोल्ड ऑटोअँटिबॉडी असती, जी थंडीत सगळ्यांनाच धरते आणि सॅम्पल गरम ठेवलं की ढिली पडते. तिचं ऑटो कंट्रोल शून्य, डायरेक्ट कूम्ब्सही निगेटिव्ह, म्हणजे तिच्या पेशींवर अँटिबॉडी चिकटलेली नव्हती. दुसरं, रूलो, म्हणजे प्रोटीन जास्त असलं की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात. सीरम काढून सलाइन घातलं की त्या सुटतात. तिच्या सुटल्या नाहीत. म्हणजे खरी अँटिबॉडी आहे, स्वतःच्या पेशींना सोडून बाकी सगळ्यांना धरणारी.

मग अँटी-एच लेक्टिन. हे युलेक्स युरोपियस नावाच्या झाडाच्या बियांचं सत्त्व, एच असलेल्या पेशींना धरतं. शेजारी नेहमीच्या ओ पेशी कंट्रोल म्हणून लावायच्या, त्या ४+ आल्या, म्हणजे लेक्टिन चांगलं आहे. तिच्या पेशी शून्य. पाच मिनिटं वाट बघितली, मायक्रोस्कोपखाली बघितलं, तरी शून्य. शेवटी लाळ तपासली. लाळेत एच असेल तर तो पॅरा-बॉम्बे, म्हणजे पेशीवर एच नाही पण शरीराच्या स्रावांत आहे. तिच्या लाळेतही नव्हता. म्हणजे अस्सल बॉम्बे. तरी शिक्का मारायच्या आधी सॅम्पल रेफरन्स लॅबला पाठवलंच. मुंबईत आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहीमॅटोलॉजी संस्था आहे, तिच्याकडे असं काम वर्षानुवर्षं होतं.

आता इथे मायनर ग्रुपवाला एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तोही मुंबईतच सापडला. इंडियन नावाची एक सिस्टिम आहे, तिचा इन-ए अँटिजेन १९७३ मध्ये मुंबईतल्या लोकांनी शोधला, म्हणून नाव इंडियन. तिचा दुसरा भाऊ इन-बी जवळपास सगळ्यांच्या पेशींवर असतो. ज्याच्याकडे तो नाही आणि त्याला अँटी-इन-बी झाली, त्याच्याही सगळ्या पिशव्या अनकम्पॅटिबल येतात आणि ऑटो कंट्रोल शून्य येतो, म्हणजे वरून दिसायला अगदी बॉम्बेसारखं. फरक कुठे कळतो? अँटी-एच रूम टेम्परेचरला सलाइन ट्यूबमध्येच कडक येते, तर अँटी-इन-बी बहुधा कूम्ब्स स्टेजला, म्हणजे पेशींना चिकटलेली अँटिबॉडी वेगळं द्रव्य घालून पकडतात तेव्हा उगवते, सलाइनमध्ये शांत. अशा पेशंटच्या रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये ओ पेशी निगेटिव्ह असतात, लेक्टिन कडक पॉझिटिव्ह येतं, आणि पेशींना पॅपेन नावाचं एन्झाइम लावलं की अँटी-इन-बीची रिअॅक्शन गळून पडते, अँटी-एचची पडत नाही. म्हणून मी वर म्हटलं की कुठल्या स्टेजला ते विचारा. तुमच्या बहिणीच्या रिपोर्टवर हे लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा, त्यांनी सांगायला हरकत नाही.

परत केसकडे. बाईची मोठी मुलगी एबी पॉझिटिव्ह होती, नवरा ए पॉझिटिव्ह. ओ आईला एबी मूल होऊच शकत नाही हे शाळेत शिकवलेलं, त्यामुळे दवाखान्यात मूल बदललं की काय, असा संशय त्या घरात कित्येक वर्षं दबलेला होता. सासूबाई एकदा तोंडावर बोलून गेलेल्या. उत्तर एवढंच की आईकडे बी जीन होताच, खुंटी नसल्यामुळे तो दिसत नव्हता. मुलीला वडिलांकडून चांगला एच जीन मिळाला, तिच्या पेशीवर खुंटी आली आणि वडिलांचा ए आणि आईचा लपलेला बी दोन्ही दिसले. मी कागदावर चौकोन काढून दाखवलं तेव्हा ती बाई काही बोलली नाही, तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. रक्तगटावरून आईपण किंवा बापपण ठरवायला निघालेल्या प्रत्येकानं आधी लेक्टिन लावून बघावं, एवढंच माझं सांगणं.

आता रक्त कुठून आणायचं. बॉम्बेवाल्याला लाल पेशी फक्त बॉम्बेच्याच. आणि शोध घरातूनच सुरू करायचा, कारण हे आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेला जीन आल्यावरच होतं, म्हणजे सख्ख्या भावंडात प्रत्येकाला चारात एक शक्यता. नात्यात लग्न झालेलं असेल, मामाच्या मुलीशी वगैरे, तर असे दोन जीन एकत्र यायची शक्यता वाढते. हिला तीन भाऊ आणि एक बहीण. चौघांना बोलावलं. मधला भाऊ बॉम्बे निघाला, आणि तो आतापर्यंत दोनदा शिबिरात ओ पॉझिटिव्ह म्हणून रक्तदान करून आलेला! त्याच्या लाल पेशी दुसऱ्या कोणाला गेल्या तर फारसं बिघडत नाही, त्यावर ए, बी, एच काहीच नाही. पण त्याचं प्लाझ्मा ओवाल्याला दिलं असतं तर अँटी-एच त्याच्या पेशी फोडू शकली असती. डोनरचं ग्रुपिंग दोन्ही बाजूंनी करतात ते याचसाठी, कुठल्या शिबिरात ते नीट झालं नाही याचा मला अजून राग येतो.

हिचं हिमोग्लोबिन ६.८, तेव्हा स्वतःचं रक्त आधी काढून ठेवायचा प्रश्नच नव्हता, त्यासाठी किमान ११ लागतं. मग गायनॅक मॅडमशी बोलून आम्ही उलटं गणित केलं. ऑपरेशन पुढे ढकललं, ब्लीडिंग थांबवायची गोळी सुरू केली, शिरेतून आयर्न दिलं. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.४. ऑपरेशनच्या आठवड्यात भावाचं रक्त घेतलं, त्याचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे का ते आधी बघून. दुसरी पिशवी बॉम्बे डोनरची यादी सांभाळणाऱ्या लोकांकडून, दुसऱ्या शहरातून, थंड पेटीतून रातोरात आली. साधी पिशवी सोल्युशनप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकते, म्हणून तारीख ठरल्याशिवाय डोनरला बोलवायचं नाही, नाहीतर ऑपरेशन पुढे गेलं की पिशवी वाया आणि डोनर तीन महिने बाद. ग्लिसरॉल घालून उणे ऐंशीला गोठवलं तर वर्षानुवर्षं राहतं, पण ती सोय मोजक्या ठिकाणी.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी अनुभवी लोकंही विसरतात. बॉम्बे सापडला की सगळ्यांना वाटतं काम झालं. पण तिची दोन बाळंतपणं झालेली, म्हणजे अँटी-एचच्या खाली एखादी मायनर ग्रुपची अँटिबॉडी, समजा किड-ए किंवा अँटी-ई, लपलेली असू शकते. ती दिसत कशी नाही? कारण स्क्रीनिंगच्या आणि पॅनेल म्हणतात त्या माहितीच्या पेशींच्या मोठ्या संचातल्या सगळ्या पेशी ओ ग्रुपच्या असतात, अँटी-एच सगळ्यांना धरून बसते, खालचं झाकून जातं. मग सीरमला डीटीटी नावाचं रसायन लावायचं, त्यानं आयजीएम मोडतं आणि मायनर ग्रुपच्या अँटिबॉडी बहुधा ज्या जातीच्या असतात ते आयजीजी शिल्लक राहतं, मग पॅनेल परत लावायचं. नाहीतर बॉम्बे पेशींवरच तपासायचं. हिचं डीटीटीनंतरचं पॅनेल स्वच्छ आलं. तरीही भावाच्या पिशवीशी पूर्ण क्रॉसमॅच केलीच, सलाइन, ३७ डिग्री आणि कूम्ब्सपर्यंत. ग्रुप जुळला म्हणजे पिशवी जुळली असं नाही, किडची अँटिबॉडी तर अशी आहे की काही महिन्यांत मोजण्याखाली जाते आणि रक्त चढवल्यावर आठवड्याभरात उसळते, मग पेशंट घरी गेल्यावर डोळे पिवळे आणि हिमोग्लोबिन परत खाली.

प्लाझ्माची गोष्ट मात्र सोपी आहे आणि घाबरलेल्या नातेवाइकांना ती सांगायला हवी. तिच्या पेशींवर ए नाही, बी नाही, एच नाही, त्यामुळे कुठल्याही ग्रुपचं प्लाझ्मा तिला चालतं. ऑपरेशनमध्ये ब्लीडिंग वाढलं तर प्लाझ्मा, ट्रानेक्सॅमिक अॅसिड आणि तिचंच सांडलेलं रक्त गोळा करून परत देणारं सेल सेव्हर मशीन हे पर्याय असतात. ओची पिशवी मात्र "थोडी हळू देऊन बघू" असंसुद्धा करायचं नाही.

ऑपरेशनला एकच पिशवी लागली, भावाची. पहिली पंधरा मिनिटं मी स्वतः तिच्याजवळ उभी होते. तापमान, नाडी, मग कॅथेटरच्या पिशवीतल्या लघवीचा रंग, पिवळाच. दुसरी पिशवी वापरली नाही, ती त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या बॉम्बे पेशंटकडे गेली.

तुमच्या बहिणीसाठी आत्ता करायचं ते असं. ब्लड बँकेला विचारा की ओ पेशींची रिव्हर्स ट्यूब आणि अँटी-एच लेक्टिन झालंय का, ऑटो कंट्रोल काय आला, नसेल झालं तर नवं सॅम्पल रेफरन्स लॅबला पाठवायला सांगा. तिला आधी कधी रक्त चढवलंय का आणि किती बाळंतपणं झाली ते सॅम्पलसोबत लिहून द्या. तुम्ही आणि बाकी भावंडं रिपोर्टची वाट न बघता तपासून घ्या, आणि तुमच्यापैकी कोणी ओ म्हणून रक्तदान करत असाल तर रिपोर्ट येईपर्यंत थांबा. ऑपरेशन तातडीचं नसेल तर डॉक्टरांना आयर्नबद्दल विचारा, आणि तारीख ब्लड बँकेशी बोलूनच पक्की करा. आणि बॉम्बे निघालाच तर तिच्या जुन्या कार्डावरचं ओ पॉझिटिव्ह खोडून टाका, आधारच्या पाकिटात, मोबाइलच्या कव्हरमागे, जिथे जिथे लिहिलंय तिथून, आणि तिथे "बॉम्बे ग्रुप, ओचं रक्त देऊ नये" असं मराठीतही लिहा, कारण अपघाताच्या रात्री ते कार्ड आधी वॉर्डबॉय वाचतो.